स्टेप-अप एसआयपी: वीस वर्षांचं गणित पहिल्या दहातच सुटतं

दर जुलैला आमच्या नागपुरात सरकारी नोकरदारांची वेतनवाढ लागते. त्याच सुमारास व्हॉट्सअॅपवर एक चित्र फिरायला लागतं. डावीकडे छोटा खांब, उजवीकडे त्याच्या दुप्पट उंच खांब. म्युच्युअल फंडात महिन्याला १०,००० ची साधी एसआयपी, म्हणजे दर महिन्याचा ठरावीक हप्ता, केली तर वीस वर्षांत १ कोटी, आणि तीच रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवत नेली, म्हणजे स्टेप-अप केली, तर २ कोटी. बस, एवढंच चित्र. खाली फोन नंबर.

आकडे खोटे नाहीत, हे आधी सांगतो. वर्षाला १२ टक्के परतावा धरला, म्हणजे महिन्याला १ टक्का, तर साध्या एसआयपीचे ९९.९ लाख होतात आणि स्टेप-अपचे १ कोटी ९९ लाख. (कुठल्या कॅल्क्युलेटरवर साध्या एसआयपीचे ९२ लाख दिसले तर घाबरू नका. तो १२ टक्क्यांची महिन्यावर वाटणी चक्रवाढीने करतो, सरळ बाराने भागत नाही.) १२ टक्के मिळतीलच असं कोणी लिहून देत नाही. इथे तो आकडा फक्त तुलनेसाठी घेतलाय.

पण त्या चित्रात तिसरा आकडा नसतो. खिशातून किती गेले? साध्या एसआयपीत २४ लाख. स्टेप-अपमध्ये ६८ लाख ७३ हजार. म्हणजे जे ९९ लाख जास्तीचे दिसतात, त्यातले जवळपास ४५ लाख आपलेच आहेत. उरलेले ५४ लाख ही त्यांच्यावरची वाढ. वाईट सौदा नाही, पण यात जादू काही नाही. जास्त भरले म्हणून जास्त मिळाले.

हे चित्र माझ्या भाच्याने मला पाठवलं. मिहानमधल्या एका कंपनीत आहे, वय २८, हातात महिन्याला ६०,००० येतात. खाली लिहिलं होतं, "मामाजी, करून टाकू का?" मी म्हटलं, आधी शेवटच्या वर्षाचा हप्ता काढून बघ. पाच मिनिटांनी फोन आला. "काहो मामाजी, विसाव्या वर्षी महिन्याला ६१,१५९?"

हो जी, ६१,१५९. दरवर्षी १० टक्के वाढलेले १०,००० विसाव्या वर्षी तिथेच पोचतात. भाचा तेव्हा ४७ चा असेल, पोरं कॉलेजात, आई-वडील म्हातारे, मनीषनगरच्या फ्लॅटचा हप्ता बहुतेक सुरूच. त्याचा पगार दरवर्षी ७ टक्के वाढला असं धरलं, तर तोवर २ लाख १७ हजारांवर जाईल. आज तो पगाराचा सहावा हिस्सा गुंतवतो, तेव्हा चौथ्या हिश्शापेक्षाही जास्त गुंतवावा लागेल. राज्य सरकारी नोकरीत तर वार्षिक वेतनवाढ मूळ वेतनाच्या ३ टक्के. त्यावर महागाई भत्ता वाढतो, मधून कधी वेतन आयोग लागतो, पण सलग वीस वर्षं १० टक्क्यांनी पगार वाढत नाही. हप्ता पगारापेक्षा वेगाने पळत असेल तर आज ना उद्या तो पगाराला गाठायला लागतोच. म्हणून अनेकांचं स्टेप-अप मधेच गुपचूप बंद पडतं, आणि मग "आपल्याकडून नाही झालं" म्हणून अख्खी एसआयपीच मोडतात. माझा खरा राग त्या चित्रावर यासाठी आहे.

कारण बंद पडलं तरी फारसं बिघडत नाही. गंमत इथेच आहे.

एकेक वाढ सुटी करून बघा. दुसऱ्या वर्षी भाच्याने हप्ता १०,००० चा ११,००० केला. ही १,००० ची वाढ पुढची १९ वर्षं दर महिन्याला जात राहते. एकूण २ लाख २८ हजार भरले जातात आणि त्याच १२ टक्क्यांनी त्यांचे शेवटी पावणेनऊ लाख होतात. आता विसाव्या वर्षाची वाढ घ्या. ती १,००० ची नाही, ५,५६० ची आहे, साडेपाच पट मोठी. पण तिला मिळतात फक्त बारा महिने. ६६,७०० च्या आसपास भरले, झाले ७१,२००. एका वाढीने फारसं जाणवू न देता जवळपास साडेसहा लाख कमावले, दुसरीने घरखर्च आवळायला लावून साडेचार हजार कमावले. चित्रात मात्र दोन्ही वाढी "दरवर्षी १० टक्के" या एकाच ओळीत बसवलेल्या असतात.

मग मी वीस वर्षं मधोमध तोडून पाहिली. समजा पहिली दहा वर्षं दरवर्षी १० टक्के वाढवलं. दहाव्या वर्षी हप्ता २३,५७९ झाला. तिथे थांबलो, आणि पुढची दहा वर्षं तेवढाच भरत राहिलो. विसाव्या वर्षाच्या शेवटी होतात १ कोटी ६६ लाख. खिशातून गेले ४७ लाख ४२ हजार. म्हणजे पूर्ण स्टेप-अपने जे ९९ लाख जास्तीचे मिळणार होते, त्यातले ६६ लाख अर्ध्या वाटेतच पक्के झाले. नंतरच्या दहा वाढींसाठी आणखी २१ लाख भरायचे आणि त्यातून ३३ लाख जास्तीचे मिळवायचे.

आता उलटं करा. पहिली दहा वर्षं १०,००० च भरले, "अजून पगार कमी आहे, नंतर बघू" म्हणून, आणि अकराव्या वर्षापासून दरवर्षी १० टक्के वाढवायला घेतलं. शेवटी होतात १ कोटी १४ लाख. वाढवलंच नसतं तर १ कोटी होतेच. दहा वर्षं नेटाने हप्ता वाढवून हातात जास्तीचे पडले १४ लाख, त्यातले ९ लाख स्वतःच भरलेले.

हे आकडे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मीही पुन्हा तपासले. तुम्हालाही तपासायचे असतील तर एक्सेल उघडा. B स्तंभात हप्ता, C स्तंभात वर्षअखेरची रक्कम, पहिल्या ओळीत पहिलं वर्ष.

```
B1: 10000
C1: =FV(1%,12,-B1,0,1)
B2: =B1*1.1
C2: =FV(1%,12,-B2,-C1,1)
```

दुसरी ओळ विसाव्यापर्यंत खाली ओढा. शेवटी १ कोटी ९८ लाख ८९ हजारांच्या आसपास दिसलं की बरोबर. मग B11 मध्ये `=B10` लिहून तिथून खाली ओढा, १ कोटी ६६ लाख येतील. दोन्ही सूत्रांत `1%` च्या जागी `0.8%` टाकूनही बघा. परतावा कमी धरला तरी स्टेप-अपचा फरक तेवढा ढळत नाही, कारण त्यातला जवळपास निम्मा हिस्सा बाजाराने दिलेला नसून आपण भरलेला असतो.

कोणी विचारेल, मग वाढवायचंच कशाला, १०,००० च चालू द्यावे की. तर ते १०,००० आहेत तिथे राहत नाहीत. महागाई ६ टक्के धरली तर विसाव्या वर्षीच्या १०,००० ची किंमत आजच्या ३,३०० इतकीच उरते. आणि ते २ कोटीही आजच्या भावात ६२ लाखांच्या घरात येतात, १ कोटीचे ३१ लाख. साधी एसआयपी खरं तर दरवर्षी बारीक होत जाणारी एसआयपी आहे. म्हणून निदान महागाईएवढी वाढ वीसही वर्षं हवी, आणि त्याहून जास्तीचा जोर पहिल्या दहा वर्षांत लावायचा, असं माझं मत. भाच्यासारख्याला हे जमतं, कारण लग्न, घर आणि पोरांच्या शाळा यायच्या आधीची पाच-सात वर्षं त्याच्या हातात आहेत.

आता कागदोपत्री काम, कारण खरी फसगत तिथे होते. फंडाच्या फॉर्मवर या सोयीला बहुतेक ठिकाणी टॉप-अप म्हणतात. नोंदणी करतानाच ती निवडायची असते. टक्क्यांत किंवा ठरावीक रुपयांत, वर्षातून एकदा किंवा दर सहा महिन्यांनी. पण पैसे बँकेतून जातात ते मँडेटवर, म्हणजे हप्ता कापायला आपण बँकेला दिलेल्या परवानगीवर, आणि मँडेटला कमाल मर्यादा असते. भाच्याने घाईत १५,००० ची मर्यादा टाकली होती. १०,००० पासून १० टक्क्यांनी चढलं तर पाचव्या वर्षी हप्ता १४,६४१ असतो, सहाव्या वर्षी १६,१०५. म्हणजे सहाव्या वर्षाचा पहिलाच हप्ता परत जाऊ शकतो. आणि मासिक हप्ते लागोपाठ तीन वेळा फसले तर एसआयपीच रद्द होते. पाच वर्षं सुरळीत चाललेली गोष्ट आणि खात्यात पैसे असताना हप्ता का फसतोय, हे लवकर ध्यानातच येत नाही. म्हणून मँडेटची मर्यादा आजचा नाही, दहाव्या वर्षाचा हप्ता पाहून टाकायची. त्याला मी ५०,००० टाकायला सांगितलं. मर्यादा मोठी ठेवली म्हणून तेवढे पैसे कापले जात नाहीत, कापले जातात हप्त्याएवढेच.

त्याच फॉर्मवर टॉप-अपची कॅप म्हणून एक रकाना असतो, एजंट बहुतेक तो रिकामा सोडतात. हप्ता एका रकमेवर पोचला की वाढ थांबवायची, ती रक्कम तिथे लिहायची. भाच्याने २४,००० लिहिले. दहाव्या वर्षी २३,५७९ वर येऊन वाढ आपोआप थांबेल. पुढच्या महागाईएवढ्या वाढीसाठी वेगळी छोटी एसआयपी त्याच फोलिओत, म्हणजे फंडातल्या त्याच खात्यात, जोडता येते. जुन्या एसआयपीला टॉप-अप नसेल तरी हाच मार्ग. ती मोडायची गरज नाही, दरवर्षी हजार-दीड हजारांची नवी बाजूला सुरू करायची.

टक्के नकोत, सरळ दरवर्षी १,००० वाढवतो, असं म्हणणाऱ्यांना मी अडवत नाही. उलट मला ते जास्त आवडतं. विसाव्या वर्षी हप्ता २९,००० वर थांबतो आणि १ कोटी ५८ लाख होतात. तेवढेच जमवायला टक्केवारीने दरवर्षी ७ टक्के वाढवत शेवटी ३६,००० पर्यंत जावं लागतं, कारण ७ टक्के म्हणजे सुरुवातीला फक्त ७०० ची वाढ.

हे सगळं महिन्याच्या महिन्याला पगार येणाऱ्यांचं. काटोलकडचा संत्र्याचा बागायतदार किंवा इतवारीतला हंगामी माल विकणारा व्यापारी असेल, तर त्याने ऑटो टॉप-अपच्या फंदात पडूच नये. त्याने हप्ता लहान ठेवावा आणि आंबिया बहराचे पैसे हातात आले की त्याच फोलिओत एकरकमी टाकावे. ज्या वर्षी बहर गळाला, त्या वर्षी काही नाही.