डाव्या बाजूचं दुखणं, ताप आणि एरंडेल

"डाव्या बाजूला ओटीपोटात दुखत असेल, अंगात ताप असेल आणि संडास नीट होत नसेल तर घाबरू नका. शेंगदाणे, तीळ, टमाट्याच्या बिया आतड्यात अडकून सडल्या की असं होतं. रात्री दोन चमचे एरंडेल घ्या, दुखायची एक गोळी घ्या. कोठा साफ झाला की बरं वाटेल. अपेंडिक्स उजवीकडे असतं, त्यामुळे डावीकडे धोका नसतो. पुढे पाठवा."

यातलं सगळं इमानदारीनं करून एक काका कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्याकडे आले होते. वय अठ्ठावन्न, शेती यवतमाळ जिल्ह्यातली. मुलानं मोटरसायकलवर आणलं. एक हात डाव्या कुशीवर घट्ट दाबलेला. खुर्चीत बसताना म्हणाले, "गाडीले गचका बसला का जीव जाते, डॉक्टर." हे वाक्य मी केसपेपरवर तसंच लिहून घेतलं. गॅसच्या दुखण्यात माणूस अस्वस्थ होतो, लोळतो, वारा सरला की हलकं वाटतं. गचक्यानं किंवा खोकल्यानं एकाच जागी कळ उठते तेव्हा पोटाच्या आतल्या अस्तराला सूज पोचलेली असते.

आधी बियांचं बोलू, कारण याच समजुतीपायी लोक जवसाची चटणी सोडतात आणि खरं कारण तसंच राहतं. मोठ्या आतड्याच्या भिंतीत आतून नाजूक अस्तर असतं आणि त्याबाहेर स्नायूचा थर. अस्तराला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा त्या स्नायूतून आत शिरतात, आणि जिथून शिरतात तिथे भिंत कच्ची असते. शौच कोरडं, घट्ट झालं की आतडं ते ढकलायला जोरानं आवळतं. वर्षानुवर्षं हा दाब पडत राहिला की त्या कच्च्या जागांतून अस्तर बाहेर फुगतं. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तिथून बोंडासारखी बाहेर येते, तसंच. डावीकडे खाली, गुदाशयाच्या आधीचा जो वळणाचा भाग आहे तो मोठ्या आतड्यात सर्वांत अरुंद, म्हणून दाबही तिथेच जास्त. या पिशव्या वयाबरोबर वाढतात आणि बहुतेकांना त्यांचा जन्मभर पत्ताही लागत नाही.

पिशवीला स्नायूचं बळ नसतं, भिंत अगदी पातळ. तिला सुईच्या टोकाएवढी इजा झाली तरी आतले जंतू बाहेरच्या चरबीत झिरपतात आणि तिथे सूज येते. या सुजेला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. ताप येतो तो या जंतूंमुळे. नुसत्या गॅसनं किंवा नुसत्या बद्धकोष्ठानं ताप येत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. सुजलेला भाग आकसतो म्हणून कुणाला संडास होत नाही, तर कुणाला थोडं थोडं पातळ होत राहतं. शेजारच्या मूत्राशयाला सूज टेकली तर लघवीही वरचेवर लागते.

बी पिशवीत अडकते ही समजूत पूर्वी डॉक्टरांचीही होती, हे मान्य करायला हवं. पण २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे ४७ हजार पुरुषांच्या खाण्याची आणि आजारांची १८ वर्षं नोंद ठेवली होती. दाणे आणि मक्याच्या लाह्या नेहमी खाणाऱ्यांत हा आजार जास्त आढळला नाही, उलट थोडा कमीच आढळला. ज्याच्या ताटातून चोथा गेला, त्याचं शौच घट्ट होतं. म्हणून शेंगदाणे सोडून मैद्याचा टोस्ट खाणारा माणूस पथ्य करत नाही, उलटंच करतो.

आता एरंडेल. यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचंय. एरंडेलानं आतडं जोरजोरानं आवळतं, जुलाब होतो तो त्यामुळेच. जिथे भिंत आधीच सुजलेली आहे आणि बारीक छिद्र शरीरानं भोवतालच्या चरबीनं कसंबसं झाकलेलं आहे, तिथे असा दाब आणणं म्हणजे झाकण उघडायला जाणं. पोटदुखीबरोबर ताप असेल तर जुलाब नको, एनिमाही नको. काकांनी एरंडेल घेतलं, पहाटे दोनदा पातळ झालं, थोडं बरं वाटलं. मग दुखलं तसं गावातच दुखायचं इंजेक्शन घेतलं, चार तास आराम पडला. डायक्लोफेनॅकसारख्या औषधांनी या पिशव्या फुटण्याचा धोका वाढतो आणि दुखणंही झाकलं जातं, म्हणून या आजारात आम्ही पॅरासिटामॉल देतो. त्या दोन आरामांत त्यांचे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा ताप १०१.६, नाडी ११२. डावीकडे खाली बोट टेकवलं की पोट कडक व्हायचं आणि हाताला लिंबाएवढी गाठ लागायची. रक्तात पांढऱ्या पेशी १७ हजार. सोनोग्राफीत गॅसमुळे नीट दिसेना, म्हणून त्याच दुपारी सीटी स्कॅनसाठी जिल्ह्याला पाठवलं. या आजाराचा खरा निकाल सीटीच देतो. आतड्याची भिंत जाडावलेली, बऱ्याच पिशव्या, आणि बाजूला पाच सेंटिमीटरचा पू. सोनोग्राफीत बघून कातडीतून नळी घातली, पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक दिली. दहाव्या दिवशी घरी गेले. पहिल्याच दिवशी आले असते तर बहुधा नळी लागली नसती. साध्या सुजेत दोन-तीन दिवस पेज, वरणाचं पाणी, ताक आणि पॅरासिटामॉल एवढ्यावर बहुतेक जण सुधारतात. सीटीत साधी सूज पक्की झाली असेल आणि माणूस एरवी धडधाकट असेल, तर अँटिबायोटिकही दर वेळी लागत नाही. पण ही सवलत तपासणीनंतरची आहे, घरी बसून घ्यायची नाही.

"डावीकडे धोका नसतो" हे तर साफ खोटं. पिशवी पोटात मोकळी फुटली तर संडासातले जंतू सगळ्या पोटात पसरतात आणि जिवावर बेततं. पोट फळीसारखं कडक होणं, दुखणं सगळ्या पोटभर पसरणं, वारा न सरणं, उलट्या, थंडी वाजून ताप, यातलं एकही असेल तर रात्र काढू नका. लघवीतून हवा येऊ लागली तर आतड्याची वाट मूत्राशयात उघडली असं समजा. साखरेच्या पेशंटला आणि स्टेरॉइडवर असलेल्यांना दुखणं कमी जाणवतं, त्यांनी थोडक्यावरच तपासून घ्यावं. बाईच्या पोटात असंच दुखलं तर गर्भनलिकेतल्या गर्भाचा आणि अंडाशयाचा विचार आधी करावा लागतो. पाळी चुकली असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

काकांना सात आठवड्यांनी दुर्बिणीच्या तपासणीसाठी परत बोलावलं. सूज असताना ती करत नाहीत, भिंत फुटू शकते. आणि सूज उतरल्यावर करावीच लागते, कारण आतड्याचा कॅन्सर सीटीत कधीकधी असाच दिसतो. कॅन्सर नव्हता. निघताना काकूंनी विचारलं, "जवसाची चटनी खाऊ देऊ का जी?" मी म्हटलं, ज्वारीच्या भाकरीबरोबर रोज द्या, आणि पाणी भरपूर प्यायला लावा.