हप्ता पाच तारखेला, पैसे बुधवारी

आज मावसभावाबरोबर बँकेत गेलो होतो, त्याला इलेक्ट्रिक स्कूटरसाठी कर्ज हवंय. फूड डिलिव्हरी करतो तो. साहेबांनी स्क्रीनवर सिबिल बघितला आणि त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, "या मुलांना पैशाची शिस्त नसते हो." डोकं फिरलंय तेव्हापासून.

शिस्त नाही म्हणजे काय झालं होतं ते सांगतो. २०२४ ची २५ जुलै आठवा, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घरांत शिरलं. तो आठवडा आणि पुढचाही याचा धंदा निम्म्यावर. जुन्या बाईकचा हप्ता ३,२०० रुपये, पाच तारखेला. त्या ऑगस्टमध्ये पाच तारीख सोमवारी आली, कंपनीचा पेआउट येतो बुधवारी. खात्यात होते २,९००. तीनशे कमी. हप्ता बाउन्स. बँकेने लगेच २९५ कापले, म्हणजे आता कमी पडत होते जवळपास सहाशे, आणि फायनान्सवाल्याने मंगळवारी परत ऑटोडेबिट लावला! तो बाउन्स होणारच होता. पुन्हा २९५. फायनान्सवाल्याचे दर वेळी ५९०, दोन वेळचे १,१८०. एकूण १,७७०. तीनशे रुपये दोन दिवस कमी होते म्हणून. बुधवारी पैसे आले, त्याने त्याच दिवशी हप्ता भरला, पण रेकॉर्डवर डाग तो डागच.

आणि याच बँका शेतकऱ्याला पीककर्ज देतात की! तिथे कोणी म्हणत नाही दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भर. पीक हातात आल्यावर भरायचं. साधं कर्ज ९० दिवस थकलं की एनपीए, पण कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकल्यावर एनपीए धरतात, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. म्हणजे पैसा पगारासारखा येत नाही हे बँकिंगला १०० टक्के कळतं. फक्त डिलिव्हरीवाल्याच्या बाबतीत कळून घ्यायचं नाहीये.

मला हवंय ते कर्ज असं. तारीख नाही, टक्का. प्रत्येक पेआउटमधून १६ टक्के थेट कर्जखात्यात जायचे, उरलेले त्याच्या खात्यात. चार आठवडे ६,२००, ५,४००, २,१०० आणि ७,००० आले तर कापले जाणार ९९२, ८६४, ३३६, १,१२०, म्हणजे ३,३१२. हप्ता भागला, वर ११२ जास्तीच गेले. पावसाळ्यात महिन्याला १२,००० च मिळाले तर १,९२० जातील, १,२८० मागे राहतील, त्यावर व्याज लावा ना, कोण नको म्हणतंय, पण दंड नाही आणि सिबिलवर शाई नाही. दिवाळीत २६,००० कमावतो तेव्हा ४,१६० जातील, ९६० भरून निघाले. हिशोब महिन्याला न बघता तीन-चार महिन्यांचा बघा, एवढंच. त्या बुधवारी असं कर्ज असतं तर माझ्या भावाचे ३३६ गेले असते आणि विषय संपला असता.

हो, अडचण आहे, मान्य. दोन अ‍ॅपवर काम करणारा पोरगा एकाचं बंद करून दुसऱ्याकडे पळेल, मग कापणार कुठून. कंपनीनेही कापून द्यायला हो म्हणायला हवं. त्यासाठी तीन महिन्यांत किमान एवढे आलेच पाहिजेत अशी अट ठेवा, बस.

नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुराला तर पेआउटच नाही, रोख हातात. पण त्याच्यासाठी उत्तर आपल्याकडे कधीचं आहे, पिग्मी! सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दिवसाला दोन आण्यांवर सुरू केलेली. माझी आई भाजीचा गाडा लावायची तेव्हा एजंटकाका संध्याकाळी बरोबर गिऱ्हाईक ओसरल्यावर यायचे, धंदा झाला तर पन्नास, नाही तर दहा, आणि ज्या दिवशी काहीच नाही त्या दिवशी "उद्या बघू ताई" म्हणून निघून जायचे. दंड वगैरे शब्दच नाही. आणि आता? पोस्टाची आरडी घ्या, लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. आईचं कधीच टिकलं नसतं.

पिग्मीला व्याज कमी, मुदतीआधी मोडली की कापतात, आणि पतसंस्था बुडाली तर बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नाही, हे खरंय. म्हणून तर बँकांनी करायला पाहिजे ते. वर्षभर पिग्मी भरणाऱ्याचं कार्ड हाच त्याचा पगाराचा दाखला समजून कर्ज द्या आणि फेडही तशीच रोजची, कमी-जास्त चालेल अशी घ्या.

भाऊ घरी येईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मी एक पण हप्ता बुडवला नाहीये रे." नाहीच बुडवलेला. पूर्ण कर्ज फेडलंय त्याने.

लिस्टमध्ये पतसंस्थांचे संचालक आहेत, अर्बन बँकेत काम करणारे आहेत. त्याचे वर्षभराचे आठवड्याचे पेआउट मी एक्सेलमध्ये घातलेत, इनबॉक्समध्ये पाठवतो. पुढच्या मीटिंगला दहा जणांसाठी तरी हे टक्क्यावरचं कर्ज ट्राय करायचा विषय घ्या, पहिला अर्ज आमचा.