C पुलाच्या अलीकडं का पलीकडं?

«सर्व पालकांनो, पुढे पाठवा. भूमितीचा प्रश्न आकृतीशिवाय सुटूच शकत नाही. शब्दांत आकृती सांगायची तर पानभर लिहावं लागतं, आणि एवढं सांगितलं की उत्तरही सांगून होतं. म्हणून आकृती नीट छापलेली नसेल तर त्या प्रश्नाचे पूर्ण गुण सरसकट मिळालेच पाहिजेत.»

हा मेसेज मला एका आठवड्यात तीन ग्रुपांवरून आला. मी सांगलीत विश्रामबागला दहावीची भूमिती शिकवतो, त्यामुळे दोन पालकांनी «सर, बरोबर आहे ना?» असंही विचारलं. गुण द्यायचे की नाही ते मंडळ बघेल, त्यात मी पडत नाही. बाकीच्या तीन गोष्टींबद्दल मात्र बोलायला हवं.

पहिली गोष्ट. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) बांबूचं एक गणित आहे. सपाट जमिनीवर ३२ हात उंचीचा बांबू उभा आहे. वाऱ्याने तो मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर बांबू किती उंचीवर मोडला? एका श्लोकात सगळं सांगून झालं आहे. उभा राहिलेला भाग x धरला तर मोडून तिरका झालेला भाग ३२ − x होतो. मग x² + १६² = (३२ − x)², म्हणजे ६४x = ७६८ आणि x = १२ हात. यात बघण्यासारखा शब्द आहे तो «समभुवि», सपाट जमिनीवर. जमीन सपाट आणि बांबू सरळ उभा, म्हणून बुंध्याशी काटकोन. आपल्या पुस्तकात जे काम कोपऱ्यातला छोटा चौकोन करतो, ते इथे एका शब्दाने केलं आहे. तो शब्द काढला तर पायथागोरस लावायला आधारच उरत नाही.

एक मात्र मान्य. हे गणित करताना कच्च्या कागदावर त्रिकोण आपण काढतोच. आकृती लागते, पण ती सोडवणाऱ्यानं शब्दांवरून स्वतः काढलेली चालते.

आता लांबीचं. यावर मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. जत भागातल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. मी पाठवलेला फोटो तिच्याकडे उघडत नव्हता. मी म्हटलं, लिहून घे:

«O केंद्र असलेलं वर्तुळ. P हा वर्तुळाबाहेरचा बिंदू. P मधून काढलेल्या दोन स्पर्शिका वर्तुळाला A आणि B मध्ये स्पर्श करतात. कोन APB ५० अंश. C हा वर्तुळावरचा आणखी एक बिंदू. कोन ACB किती?»

दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं, ११५ अंश. माझ्याकडचं उत्तर ६५. मी तिची चूक शोधायला बसलो, आणि ती सापडेना. स्पर्शबिंदूशी त्रिज्या आणि स्पर्शिका काटकोन करतात, म्हणून चौकोन OAPB मध्ये A आणि B जवळ ९०-९०, P जवळ ५०, तर कोन AOB = ३६० − २३० = १३०. इथवर आम्ही दोघं एकच. पुढे तिनं C घेतला होता तो P च्या बाजूच्या लहान कंसावर. तिथला अंतर्लिखित कोन मोठा कंस अंतर्खंडित करतो. मोठा कंस ३६० − १३० = २३०, त्याचा निम्मा ११५. माझ्या समोरच्या छापील आकृतीत C पलीकडच्या मोठ्या कंसावर होता, तिथे १३० चा निम्मा ६५. मी ते बघत होतो आणि सांगायला विसरलो होतो. ती म्हणाली, «सर, मला कसं कळणार C पुलाच्या अलीकडं का पलीकडं?»

मला तिचा पूल एकदम पटला. जीवा AB म्हणजे कृष्णा समजा. P सांगलीच्या काठावर आहे, मग C सांगलीत की आयर्विन पूल ओलांडून सांगलवाडीत? चित्र हे न बोलता सांगतं, म्हणून आपल्या लक्षातच येत नाही की ही माहिती आहे. राहिलेलं वाक्य एवढंच होतं: «जीवा AB च्या ज्या बाजूला P आहे, त्याच्या विरुद्ध बाजूला C आहे.» ते धरूनही वर्णन चार-पाच ओळींच्या पुढे जात नाही.

बहुतेक वेळा राहून जातं ते अशाच जागी. «BC वाढवून त्यावर D घेतला» म्हटलं, पण B कडे वाढवली की C कडे? «B, C, D याच क्रमाने एका रेषेवर» म्हटलं की प्रश्न मिटला. ८ आणि ३ सेंटिमीटर त्रिज्यांची दोन वर्तुळं एकमेकांना स्पर्श करतात; केंद्रांमधलं अंतर बाहेरून स्पर्श असेल तर ११, आतून असेल तर ५. नुसतं «स्पर्श करतात» म्हणून भागत नाही.

वर्णन पुरं झालं का, हे तपासायला मी आता ते दोन मुलांना वेगवेगळं वाचून दाखवतो आणि आकृती काढायला सांगतो. एकाचं वर्तुळ रुपयाएवढं आणि दुसऱ्याचं बांगडीएवढं आलं, P एकाचा डावीकडे आणि दुसऱ्याचा वर आला, तरी बिघडत नाही, कोन तोच येतो. दोन्ही आकृत्या शब्दांना धरून असून उत्तरं वेगळी आली, तर कुठलं तरी वाक्य राहिलं आहे.

तिसरी गोष्ट, उत्तर फुटण्याची. आकृतीवर जी खूण दिली आहे ती सांगायची: सारख्या बाजूंवरच्या रेघा, समांतर रेषांवरचे बाण, काटकोनाचा चौकोन. जे प्रमेयानं सिद्ध होतं ते सांगायचं नाही. वरच्या प्रश्नात मी «PA स्पर्शिका» म्हटलं, «कोन OAP काटकोन» म्हटलं नाही. ते तिनं ओळखायचं होतं, आणि तिनं ओळखलं. आपल्या सिद्धतेत «पक्ष» नावाची ओळ असते. वर्णन म्हणजे ती ओळच, थोडी सैल भाषेत.

खरं तर जास्तीचं फोडते ती छापील आकृतीच. याच प्रश्नाच्या आकृतीत C बरोबर मधोमध छापला होता. मी वर्गात पुढे सहज विचारलं, कोन CAB किती? निम्म्या वर्गानं ५७.५ सांगितलं, कारण AC आणि BC सारख्या दिसत होत्या. तसं कुठेही दिलेलं नव्हतं आणि दिलेल्या माहितीवरून तो कोन निघतच नाही. फोनवरच्या मुलीला हाच प्रश्न विचारला, तर ती म्हणाली, «C कुठं ते नीट सांगा की आधी.»

जिथे शब्द खरंच तोकडे पडतात तेही सांगतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेतला «आकृतीत एकूण त्रिकोण किती» हा प्रश्न बघण्याचाच आहे. त्याचं वर्णन करायला गेलं की त्रिकोण मोजूनच द्यावे लागतात. रचनेच्या प्रश्नात गुण कंपासच्या कामाला असतात. आणि नुसतं ऐकून सोडवायचं असेल तर सहा-सात बिंदूंच्या पुढे डोक्यात राहत नाही. मग आधी वर्तुळ आणि जीवा सांगून तेवढं काढू द्यायचं, नंतर उरलेले बिंदू, आकडे शेवटी.

फोनवर B, D आणि P एकसारखेच ऐकू येतात. मी «बी बाळूचा, डी डब्याचा, पी पेरूचा» म्हणतो. मुलं हसतात, पण त्यानंतर कुणी D वर स्पर्शिका काढलेली नाही.