मराठवाडा ठळक का होत नाही

रविवारी परभणीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात एका अनोळखी काकांनी माझं टायपिंग दहा-बारा लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. चांदण्यांसकट. अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहायलोय.

झालं असं की भाचा राज्यसेवेचा अभ्यास करतो, संभाजीनगरला अभ्यासिकेत असतो, आणि त्याच्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या नोट्स मार्कडाउनमध्ये फिरतात, म्हणजे साधी टेक्स्ट फाईल आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे टाकले की तो ठळक. ताईचा फोन आला, "तुला कॉम्प्युटर येतो ना, त्याची वही टाईप करून दे." कॉम्प्युटर येतो हे माझ्या घराण्यात व्यसनासारखं आहे, एकदा कळलं की लपवता येत नाही.

वही उघडली आणि डोळे दिपले. एका पानावर एकतीस ओळी, त्यातल्या चोवीस पिवळ्या. निळ्या पेनच्या अधोरेखा वेगळ्याच, त्याही परभणी-जिंतूर एसटीत मारलेल्या, त्यामुळे रेघ एका ओळीखाली सुरू होऊन खालच्या ओळीच्या डोक्यावर संपते आणि ती नेमकी कुणाची हे कोर्टातच ठरावं. समासात चांदण्या, एक, दोन, कुठं तीन. फोन करून विचारलं तर म्हणाला, "मामा, अधोरेखित म्हणजे पहिल्या वाचनातलं. पिवळं म्हणजे रिव्हिजनचं. चांदणी म्हणजे परीक्षेत आलेलं, जितक्या वेळा आलं तितक्या चांदण्या." मी म्हटलं, "आणि गुलाबी?" तर म्हणे, "ते पिवळा पेन संपला होता."

तीन खुणांचे तीन अर्थ, आणि हातात काय, तर तारे. मी व्हॉट्सअ‍ॅपवर वाढलेला माणूस, तिथं एक तारा इकडं एक तारा तिकडं की ठळक. मार्कडाउनमध्ये एका ताऱ्यात तिरकं होतं, ठळकला दोन लागतात. आणि देवनागरीत तिरकं म्हणजे काय तर बहुतेक फाँटांमध्ये खरा तिरका टाईप नसतोच, ब्राउझर उभ्या अक्षराला खांद्यानं ढकलून वाकडं करतो, दिसायला वादळात सापडलेल्या मांडवासारखं. अधोरेखितासाठी तर खूणच नाही. दोन अंडरस्कोर टाकून बघितले, तेही ठळकच झालं. म्हणून मी सरळ ठरवलं, रेघ असो की पिवळं, सगळ्याला दोन तारे, आणि समासातल्या चांदण्या तशाच्या तशा ओळीआधी तारे म्हणून. रात्री दीड वाजता टाईप झालं, पीडीएफ काढली, उघडून बघितली नाही (हा माझाच गाढवपणा, मान्य), आणि सकाळी दुकानात पाठवली.

दुकानात ही गर्दी. माझ्या पुढं पीक विम्याचे कागद घेऊन पाथरीकडचे एक काका. पांढरी टोपी, पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. माझं पहिलं पान मशिनमधून आलं ते नेमकं त्यांच्या हाताशी पडलं. त्यांनी उचललं, लांब धरलं, आणि सुरू.

"चांदणी चांदणी कलम तीनशे एक्काहत्तर कंसात दोन चांदणी चांदणी नुसार," इथं त्यांनी दम घेतला, "राज्यपाल... ही टिंबाटिंबाची भाकर कशाची वो सर? राज्यपाल भाकर वर इशेष जबाबदारी."

दुकान हसलं. पोरगं मशिन थांबवून हसलं.

मी म्हटलं, "काका, ते चुकून आलंय."

"चुकून कसं? खाली बाकीचं काळंभोर छापून आलंय की. 'विदर्भ' ठळक. 'उर्वरित महाराष्ट्र' ठळक. हेच तेवढं चांदण्यात. कशाचं कलम हाय हे?"

आता काय सांगणार. संविधानाचं ३७१(२), ज्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आहे. मी खरं सांगितलं आणि तिथंच फसलो.

"म्हंजे मराठवाड्याच्या इकासाचं कलम," काकांनी मागं वळून सगळ्या रांगेला पान दाखवलं, "आन् तेच ठळक व्हईना! कामून?"

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अनुशेष, काका." पुन्हा हशा. मला मात्र घाम, कारण प्रश्न बरोबर होता आणि उत्तर मलाच माहीत नव्हतं. बाकीचे शब्द ठळक होतात, हाच का नाही? खुर्ची ओढून दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली. मी टाईप केलेली ओळ ही होती:

```
**कलम ३७१(२)**नुसार **राज्यपाल**ांवर विशेष जबाबदारी
```

तारे मोजले, सगळे जागेवर. मग काका माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले, तंबाखूचा वास, आणि मी एकेक गोष्ट काढून बघायला लागलो. कंस काढला, झालं ठळक! कंस परत टाकला आणि 'नुसार' काढलं, तरी ठळक! दोन्ही एकत्र आले की बिघडतं. नवरा चांगला, बायको चांगली, संसार होत नाही, तशी केस.

पोराच्या मोबाईलवर नियम शोधला. मार्कडाउन २००४ सालचं, जॉन ग्रुबरनं काढलेलं, पण त्यातलं संदिग्ध सगळं पक्कं लिहून काढलं ते २०१४ ला कॉमनमार्क नावानं. तिथं असं आहे की बंद करणारे तारे स्वतःच्या मागं-पुढं बघतात. मागं कंस, अवतरणचिन्ह, विसर्गासारखा दिसणारा कोलन असं काही विरामचिन्ह असेल आणि पुढं लगेच अक्षर चिकटलेलं असेल, तर ते समजतात की आपण बंद करणारे नाही, उघडणारे आहोत. मग बंद करायला कुणी उरतच नाही आणि चारही तारे कागदावर तसेच उघडे. इंग्रजीत हे सहसा कळतही नाही, कारण तिथं कंसानंतर स्पेस येते नाहीतर स्वल्पविराम. आपण मात्र कंसालाच 'नुसार', 'चा', 'ला', 'मध्ये' चिकटवतो. जपानी आणि चिनी लिहिणारेही याच नियमावर डोकं आपटत असतात, हे वाचून जरा बरं वाटलं.

मी हे सगळं काकांना सांगितलं, का सांगितलं देव जाणे. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे नियम करायला बसले तवा मराठी माणूस बैठकीला नव्हता."

"नसेल."

"मग आसंच व्हतं. जायकवाडीच्या पाण्याचंबी तसंच." आणि इथून पुढची सात-आठ मिनिटं पाण्यावर. रांग त्यात सामील. माझी पीडीएफ मशिनच्या पोटात.

भाकरीचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं होतं. भाच्याची एसटी खड्ड्यात आदळली असणार, त्याची रेघ 'राज्यपालांवर' मधल्या 'ल' शी थांबली होती आणि मी इमानदारीत तारे तिथंच बंद केले. पण 'ल' च्या पुढचा काना-अनुस्वार हा काही वेगळा शब्द नाही, तो 'ल' च्या अंगावरच बसतो. मधे तारे घातले की तो काना अनाथ होतो आणि फाँट त्याला बसायला एक टिंबांचं वर्तुळ देतो. म्हणजे वहीतली रेघ कुठंही तुटो, टाईप करताना तारे अख्ख्या शब्दाच्या बाहेरच हवेत, प्रत्यय पोटात घेऊन. कंसाचा रोगही त्यानंच बरा होतो:

```
**कलम ३७१(२)नुसार** **राज्यपालांवर** विशेष जबाबदारी
```

कंसानंतर स्पेस देऊनही काम भागतं, पण 'कलम ३७१(२) नुसार' असं तोडून लिहिलेलं बघितलं की मला शाळेतले मराठीचे सर आठवतात आणि हात आपोआप मागं जातो.

समासातल्या चांदण्यांचा तर वेगळाच तमाशा झाला होता. ओळीच्या सुरुवातीला एक तारा आणि स्पेस म्हणजे यादीचा मुद्दा, त्यामुळे एकदा विचारलेलं सगळं काळे ठिपके लावून आलं. दोन तारे आणि स्पेस, ते तसेच उघडे, कारण उघडणाऱ्या ताऱ्यांना पुढची स्पेस चालत नाही. आणि तीन चांदण्या, भाच्याचं सगळ्यात मौल्यवान, तीन तीन वेळा परीक्षेत आलेलं, त्या मी वरच्या रिकाम्या ओळीत एकट्या लिहिल्या होत्या. एकट्या ओळीवर तीन तारे म्हणजे पानभर आडवी रेघ. काकांनी तीही वाचली, "इथून जमीन वाटून दिली." शेवटी की-बोर्डवरचा तारा सोडून ★ हे खरं चिन्ह कॉपी करून चिकटवलं. त्याला मार्कडाउन हात लावत नाही. ★★★ म्हणजे ★★★.

राहिलं पिवळं. काही अ‍ॅपमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बरोबरच्या खुणा टाकल्या की पिवळं होतं, पण कॉमनमार्कमध्ये तशी सोयच नाही, भाच्याच्या ग्रुपातल्या निम्म्यांना नुसती बरोबरची चिन्हं दिसली असती. एचटीएमएलचा `<mark>` टाकता येतो, तर ब्राउझर प्रिंट काढताना मागचा रंग सहसा सोडून देतो, सेटिंगमध्ये जाऊन टिक करावी लागते. मी पोराला विचारलं, "पिवळं येईल का रे?" तो म्हणाला, "ब्लॅक अँड व्हाईट हाय सर." एवढं साधं.

मग मी तिथंच, रांगेची माफी मागून, पिवळं अख्खं काढून टाकलं. हे मला रागानं करायचं होतं आणि रागानंच केलं. एकतीसपैकी चोवीस ओळी महत्त्वाच्या म्हणणाऱ्या पोरानं महत्त्व ठरवण्याचं काम केलेलंच नाही, ते माझ्या गळ्यात टाकलंय, वर तारेही मीच मोजायचे. काका म्हणाले, "पोळ्याला बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत्यात. आख्खा बैल हिंगुळात बुडवला तर शिंगं कुठंत ते कळंल का?" मी त्यांच्याकडं बघितलं. सकाळपासून हा माणूस माझी इज्जत काढत होता आणि एकही वाक्य चुकीचं बोलला नव्हता, याचाच जास्त राग.

अधोरेखित तेवढं ठळक ठेवलं, चांदण्या ★ ने. नवीन प्रिंट निघाली. भाच्याला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं, "मामा, पिवळं कुठं गेलं?"

काकांनी पहिलं, चांदण्यांचं पान घडी घालून विम्याच्या कागदात ठेवलं. "ऱ्हाऊ द्या, मराठवाड्याचं कलम हाय." पोरानं माझ्याकडून दोन्ही प्रिंटचे पैसे घेतले. त्या पानाचे वेगळे मागायची माझी हिंमत झाली नाही.