०.२६ चा ताईत

«सेटवाल्यांसाठी शॉर्टकट! १) सेमीकंडक्टरमध्ये गेल्यावर इलेक्ट्रॉनचं वजन खरोखर कमी होतं. २) सिलिकॉनचं इफेक्टिव्ह मास ०.२६. हा एकच आकडा पाठ करा आणि मोबिलिटी, डेन्सिटी ऑफ स्टेट्स, सगळीकडे वापरा. ३) मास जितकं कमी, मोबिलिटी तितक्याच पटीत जास्त, म्हणून गॅलियम आर्सेनाइड प्रत्येक बाबतीत सिलिकॉनपेक्षा भारी. सगळ्या ग्रुपवर टाका.»

टाकलं लोकांनी. माझ्याकडे आठवड्यात तीनदा आलं, तोवर मी गप्प होतो. पण परवा रात्री परभणीहून भाचीचा फोन आला. "मामा, प्रश्नसंचात छपाईची चूक दिसतीया. माझं उत्तर ०.०९ येतंय आणि पर्यायात ०.१५ च आहे." गणित साधं होतं: सिलिकॉनमध्ये घनसेंटिमीटरला १०¹⁷ फॉस्फरस, तापमान ३०० केल्विन, फर्मी पातळी कंडक्शन बँडच्या तळापासून किती खाली? चूक छपाईची नव्हती, वरच्या दुसऱ्या मुद्द्याची होती. म्हणून आधी त्याच्याकडेच जातो.

सिलिकॉनच्या कंडक्शन बँडचा तळ एका जागी नाही. तो सहा ठिकाणी आहे, स्फटिकाच्या तीन अक्षांवर दोन्ही बाजूंना एकेक. या सहा व्हॅली गोल नाहीत. समान ऊर्जेचा पृष्ठभाग काढला तर तो वाळकासारखा लांबट निघतो, लांबी रुंदीच्या सव्वादोन पट. लांबीच्या दिशेने ऊर्जेचा आलेख पसरट आहे, वक्रता कमी, म्हणून मास जास्त: ०.९८. आडव्या दोन्ही दिशांना आलेख चटकन वर चढतो, वक्रता जास्त, म्हणून मास कमी: ०.१९. (हे सगळे आकडे मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या पटीत.) सिलिकॉनचे मूळ आकडे हेच दोन. ०.२६ हा त्यांच्यापासून एका विशिष्ट कामासाठी केलेला हिशेब आहे.

ते काम म्हणजे विद्युतप्रवाह. एका अक्षाच्या दिशेने विद्युतक्षेत्र लावा. त्या अक्षावरच्या दोन व्हॅलींमधले इलेक्ट्रॉन ०.९८ चे जडशीळ, बाकीच्या चार व्हॅलींमधले ०.१९ चे चपळ. प्रवाहांची बेरीज होते आणि प्रवाह मासच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून सरासरी घ्यायची ती व्यस्तांची. एक तृतीयांश भागिले ०.९८, अधिक दोन तृतीयांश भागिले ०.१९, बेरीज ३.८५. ती उलटी केली की ०.२६. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य.

डेन्सिटी ऑफ स्टेट्समध्ये प्रश्नच वेगळा असतो: अमुक ऊर्जेपर्यंत बसायला जागा किती? त्यासाठी वाळकाचं आकारमान लागतं, आणि वाळकं सहाच्या सहा मोजावी लागतात. तीन दिशांच्या मासचा गुणाकार करून घनमूळ घ्या, ०.३३ येतं. जागांची संख्या मासच्या दीड घातावर चालते, म्हणून सहा व्हॅलींचा गुणक ६ चा दोन तृतीयांश घात, म्हणजे ३.३. गुणाकार १.०८. मोकळ्या इलेक्ट्रॉनपेक्षाही थोडा जास्तच.

आता भाचीचं गणित. १.०८ घातलं की जागांची परिणामी घनता `N_c` येते २.८ × १०¹⁹, पुस्तकांच्या कोष्टकात असते तीच. फर्मी पातळीचं अंतर `kT ln(N_c/n)`. भागाकार २८०, त्याचा लॉगरिदम ५.६, गुणिले ०.०२५९, उत्तर ०.१५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. तिने ०.२६ घातलं होतं, तेव्हा `N_c` झालं ३.३ × १०¹⁸, साडेआठ पटीने कमी, आणि उत्तर ०.०९. कुठलीही पायरी चुकली नव्हती, नुसता ताईत चुकीच्या गळ्यात बांधला होता. उलट बाजूने, कोणी १.०८ मोबिलिटीत घातलं तर दोन टकरींमधला सरासरी काळ चौपट निघेल. शुद्ध सिलिकॉनची मोबिलिटी सुमारे १४०० धरली तर तो काळ ०.२ पिकोसेकंद असतो.

"पण ०.९८ आणि ०.१९ तरी कोणी पाहिलेत?" असंही एकाने ग्रुपवर विचारलं. पाहिलेत. १९५५ साली ड्रेसलहाउस, किप आणि किटेल यांनी बर्कलीला सायक्लोट्रॉन रेझोनन्सने मोजून ०.९७ आणि ०.१९ असे आकडे छापले. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गिरक्या घेतो, गिरकीची वारंवारता मासवर ठरते. २४ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह सोडून चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं की शोषणाचं शिखर दिसतं. क्षेत्र एका अक्षावर असेल तर सिलिकॉनच्या इलेक्ट्रॉनांची दोन शिखरं यायला हवीत: ०.१९ चं सुमारे ०.१६ टेस्लाला आणि ०.४३ चं सुमारे ०.३७ टेस्लाला. ०.४३ म्हणजे दोन्ही मासच्या गुणाकाराचं वर्गमूळ. स्फटिक फिरवला की शिखरं सरकतात. ०.२६ हेच एकमेव मास असतं तर शिखर एकच आलं असतं आणि जागचं हललं नसतं. हे करायला ४ केल्विनची थंडी लागते, कारण खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉन गिरकी पुरी व्हायच्या आत कितीतरी वेळा धडकतो.

पहिला मुद्दा यातच निकालात निघतो. मोंढ्यात तुरीचं पोतं काट्यावर उभं ठेवा की आडवं, आकडा तोच येतो. दिशेप्रमाणे ०.९८ चं ०.१९ होणारं वजन कुठलं? जाळीतल्या अणूंचं बल आपण हिशेबात वेगळं लिहीत नाही, ते वक्रतेत मुरवतो, एवढंच: `1/m* = (1/ħ²) d²E/dk²`. बँडच्या माथ्यावर वक्रता ऋण होते. तिथे काय इलेक्ट्रॉनचं वजन शून्याखाली गेलं म्हणायचं?

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. गॅलियम आर्सेनाइडचं मास ०.०६७, सिलिकॉनच्या ०.२६ च्या जवळजवळ एक चतुर्थांश, आणि मोबिलिटी खरंच जास्त, ८५०० च्या आसपास. पण ती सहापट आहे, चौपट नाही. उरलेला फरक टकरींमधल्या काळाचा, तो तिथे ०.३ पिकोसेकंद आहे. आणि भाचीच्याच नमुन्यात बघा: १०¹⁷ फॉस्फरस घातल्यावर मोबिलिटी १४०० वरून साधारण निम्म्यावर येते. मास तेच, टकरी वाढल्या.

"प्रत्येक बाबतीत भारी" हे मात्र साफ खोटं. गॅलियम आर्सेनाइडमध्ये होलची मोबिलिटी ४०० च्या घरात, सिलिकॉनच्या बरोबरीचीसुद्धा नाही. हलक्या मासमुळे जागाही कमी, `N_c` जेमतेम ४.४ × १०¹⁷, त्यामुळे १०¹⁸ डोपिंगलाच फर्मी पातळी बँडच्या आत शिरते आणि वरचं लॉगरिदमचं सूत्र चालत नाही. क्षेत्र सेंटिमीटरला तीन-साडेतीन हजार व्होल्टच्या वर गेलं की इलेक्ट्रॉन शेजारच्या जड व्हॅलीत उड्या मारतात आणि वेग वाढायच्या ऐवजी घटतो. त्यातून होणारी मायक्रोवेव्ह आंदोलनं गन यांनी १९६३ मध्ये दाखवली. म्हणजे ०.०६७ सुद्धा इलेक्ट्रॉन खालच्या व्हॅलीत राहील तोवरच.