गजकर्ण, मेडिकलमधली ट्यूब आणि थांबलेली खाज

"जांघेत किंवा कमरेला गोल चट्टा उठून खाज सुटली की लगेच डॉक्टरकडे धावू नका. मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणा, दोन-तीन दिवस लावा. खाज थांबली, लाली गेली म्हणजे गजकर्ण बरं झालं. त्यात बुरशीचं औषध असतंच, त्यामुळे लावून बघण्यात तोटा काहीच नाही. नाहीच गेलं तर डॉक्टर आहेतच."

असा सल्ला बरेचदा कानावर येतो. खाज थांबते, हे खरं आहे. पण इतक्या लवकर ती थांबवतं ते ट्यूबमधलं स्टेरॉइड. बुरशीच्या औषधाला दोन दिवसांत एवढं जमत नाही.

गजकर्णाची बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात राहते आणि तिथल्या केराटिन या प्रथिनावर जगते. लाली, फुगवटा, कोंडा, खाज असं जे काही आपल्याला दिसतं आणि जाणवतं, ते जवळजवळ सगळं शरीर तिला करत असलेला प्रतिकार असतो. बुरशी कडेकडेने बाहेर सरकते, म्हणून प्रतिकारही कडेला सर्वांत जोरात होतो आणि मधली त्वचा निवळत जाते. ते ओळखीचं लाल, खवल्यांचं कडं असं तयार होतं. स्टेरॉइड नेमका हा प्रतिकार दाबतं. रक्तवाहिन्या आकसतात म्हणून लाली उतरते, दाह कमी होतो म्हणून खाज थांबते, नव्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो म्हणून कोंडा दिसेनासा होतो. बुरशी मात्र जागेवरच असते, आणि आता तिला अडवणारं फारसं काही उरत नाही.

नेहमी दिसणारा प्रवास असा असतो. जांघेत रुपयाएवढा चट्टा, कड उठलेली, मधे त्वचा साफ. ट्यूब लावल्यावर तिसऱ्या दिवशी तो फिका आणि सपाट होतो, खाज जाते, मलम बंद होतं. काही दिवसांत खाज पहिल्यापेक्षा जोरात परतते आणि चट्टा तळहाताएवढा होतो. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा बंद. महिन्या-दोन महिन्यांनी जांघेपासून ढुंगणापर्यंत तपकिरी-लालसर, सपाट, नकाशासारखा वेडावाकडा पट्टा पसरलेला असतो. कड तुटक असते, कोंडा जवळजवळ नसतो, मधे मधे केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्या असतात. कधी एका कड्याच्या आत दुसरं कडं दिसतं, कारण मलम बंद असताना बुरशीची नवी लाट 'साफ' झालेल्या भागातून पुन्हा निघते.

या अवस्थेला वैद्यकात 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात. १९६८ साली ब्रिटनमधल्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी हे नाव दिलं, म्हणजे प्रकार नवा नाही. असा पट्टा एक्झिमासारखा दिसू शकतो, सोरायसिससारखा दिसू शकतो. चेहऱ्यावर असेल तर उन्हाची ॲलर्जी, रोझेशिया, अगदी ल्युपसचाही संशय येतो. आधी काय लावलं होतं हे रुग्णाने सांगितलं नाही, तर समोरचा डॉक्टर एक्झिमा समजून आणखी जोरदार स्टेरॉइड लिहून देण्याची शक्यता असते. 'नाहीच गेलं तर डॉक्टर आहेतच' ही सोय इथे लंगडी पडते: डॉक्टरकडे पोचेपर्यंत ओळखण्याची खूणच पुसलेली असते.

आता ट्यूबमधल्या बुरशीच्या औषधाचं. बाजारातल्या बऱ्याच मिश्र मलमांमध्ये क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एक स्टेरॉइड, सोबत एखादं बुरशीविरोधी औषध आणि वर एखादं अँटिबायोटिक असतं. बुरशीचं औषध काही आठवडे, चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी थोडे दिवस लावावं लागतं. खाज चौथ्या दिवशी थांबली की ट्यूब कपाटात जाते, आणि बुरशीच्या औषधाचा कोर्स पूर्ण होतच नाही. नेटाने आठवडेच्या आठवडे लावलं, तर स्टेरॉइडही तितके आठवडे त्वचेत जातं. त्यातलं क्लोबेटासॉल हे तर सर्वांत जोरदार गटातलं आहे. शिवाय भारतात गेल्या काही वर्षांत पसरलेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला अनेकदा दाद देत नाही, त्यामुळे वेष्टनावर ते नाव वाचून निश्चिंत होण्यात अर्थ नाही.

तोटाही जागेवर अवलंबून असतो, आणि जांघ ही त्यासाठी वाईट जागा. तिथली त्वचा पातळ, घामट, एकमेकींवर घासणारी, त्यामुळे मलम जास्त शोषलं जातं. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडवरच्या जुन्या मोजमापात वृषणाच्या त्वचेतून ते हाताच्या पुढच्या भागापेक्षा सुमारे ४० पट जास्त आत गेलेलं आढळलं होतं. अशा जागी जोरदार स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे ताणाचे पट्टे उमटतात. ते पुढे फिके होतात, पण जात नाहीत. बुरशी केसांच्या मुळांत खोल उतरली तर वरून लावलेलं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात.

निदान मात्र अवघड नाही. चट्ट्याच्या कडेवरून ब्लेडने वरवरची साल खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि थोडा वेळ थांबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी विरघळतात, बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू उरतात. स्टेरॉइड लावलेल्या चट्ट्यात प्रतिकार दबल्यामुळे हे तंतू बहुधा भरपूर सापडतात. डोळ्यांना जे लपलं, ते काचेवर उघड होतं, फक्त तपासणी करायचं सुचायला हवं. कोंडा नसेल तर नमुना कमी मिळतो, मग तुटक का होईना पण उरलेल्या कडेवरून किंवा पुटकुळीतून घ्यावा लागतो. त्या दिवशी चट्ट्यावर मलम, तेल, पावडर काही लावू नये. आधीच बुरशीचं औषध लावलेलं असेल तर तंतू न सापडताही बुरशी असू शकते, म्हणून एका निगेटिव्ह रिपोर्टवर विषय संपवू नये.

स्टेरॉइड मलम हे वाईट औषध आहे असं नाही. एक्झिमात, सोरायसिसमध्ये ते लागतंच. प्रश्न निदानाआधी लावण्याचा आहे. २०१८ साली केंद्र सरकारने बरीच स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी काउंटरवर 'खाजेचं काहीतरी द्या' म्हटलं की तीच हातात पडतात. त्यामुळे ट्यूब घेताना मागची बारीक अक्षरं वाचा: क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे.

मलम आधीच लावून झालं असेल, तर ट्यूब किंवा तिचा फोटो सोबत न्या आणि किती दिवस, कुठे, शेवटचं कधी लावलं हे सांगा. चट्टा पहिल्यांदा उठला तेव्हाचा मोबाइलवरचा फोटो असेल तर तोही दाखवा, कारण खरं कडं कदाचित त्यातच दिसेल. 'लावलं की बरं, सोडलं की दुप्पट' असा प्रकार होतोय का, हेही सांगा. घरात आणखी कुणाला खाज आहे का, हेही सांगा, कारण घरात खाज असलेल्या सगळ्यांवर एकदम उपचार झाले नाहीत तर बुरशी टॉवेल-कपड्यांवरून परत येते.

बुरशीचे उपचार सुरू होऊन स्टेरॉइड थांबलं की पहिले काही दिवस लाली आणि खाज वाढू शकते. दाबलेला प्रतिकार परत जागा होतोय, म्हणून ते होतं. नवं औषध लागू पडत नाही असा अर्थ काढून जुनी ट्यूब पुन्हा उघडणारे रुग्ण याच दिवसांत असतात. खाज असह्य झाली तर डॉक्टरला फोन करा, ते खाजेची गोळी देऊ शकतात.