तुलनेवर उतारा म्हणून आणखी तुलना

"पालकांनो, जागे व्हा! १. सोशल मीडियामुळे प्रत्येक मुलाचा आत्मविश्वास संपतो, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे. २. मोबाइल काढून घ्या, १५ दिवसांत मूल पहिल्यासारखे होते. ३. तिथले सगळे खोटे असते, हे मुलांच्या मनावर बिंबवा. ४. मोबाइलला हात न लावणाऱ्या गुणी मुलांची उदाहरणे रोज द्या. ५. 'तूच सर्वांत सुंदर, तूच सर्वांत हुशार' असे रोज सांगा. प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा."

एरवी मी असले मेसेज उघडतही नाही. पण या वेळी पाठवणारी माझी सख्खी ताई होती आणि खाली तिनं लिहिलं होतं, "कालपासून चौथा मुद्दा सुरू केलाय." म्हणजे माझ्या १४ वर्षांच्या भाचीला आदल्या रात्री तिच्या चुलतबहिणीचे गुण ऐकवून झाले होते. मी शाळेत समुपदेशक आहे, अशा मुली रोज माझ्यासमोर येऊन बसतात. आणि आपल्याच घरात हे चाललंय म्हटल्यावर राहवलं नाही. तेव्हा आधी चौथ्यावरच बोलते, बाकीच्यांना घाई नाही.

पोरगी दिवसभर फोनमध्ये स्वतःला इतरांशी ताडून बघते आणि खट्टू होते, ही तक्रार. त्यावर औषध काय, तर संध्याकाळी आईनंच आणखी एक मुलगी तिच्यासमोर आणून उभी करायची! मेसेज लिहिणाऱ्याला यातला विनोद दिसला नाही, हे एक वेळ समजू शकते. पण तो पुढे ढकलणाऱ्या इतक्या जणांपैकी कुणालाच दिसू नये?

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्यातलं एक निरीक्षण पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे: माणूस स्वतःला जोखायला फार दूरचा माणूस निवडत नाही, आपल्या जवळपासचा निवडतो. नुकताच बुद्धिबळ शिकू लागलेला माणूस आपली तुलना नामांकित खेळाडूंशी करत नाही, हे उदाहरण त्यानंच दिलंय. म्हणून एखाद्या नटीचा फोटो आठवीतल्या मुलीला जितका टोचतो, त्याहून जास्त टोचू शकतो तो मागच्या बाकावरच्या मैत्रिणीचा. आता चुलतबहिणीचा विचार करा. तेच वय, तेच आडनाव, तीच आजी. याहून जवळचं माप शोधून सापडणार नाही. शिवाय निकाल देणारी आई. फोनवरचा फोटो नको वाटला तर निदान अंगठ्यानं वर ढकलता येतो.

याचा एक परिणाम आठवड्याभरातच दिसू लागतो. मूल सांगणं बंद करतं. "काय झालं?" म्हटलं की "काही नाही". कारण सांगितलं की त्यातून नवं उदाहरण निघणार, हे त्याला एव्हाना कळलेलं असतं. ताईचा पुढचा मेसेज तोच होता: "आता तर बोलतच नाही गं."

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करते. फिल्टर असतात, पन्नास फोटोंतला एक निवडून टाकलेला असतो, हे मुलांना सांगायलाच हवं. मात्र ते त्यांना आपल्याआधी माहीत असतं, कारण ती स्वतःही तेच करतात. आणि माहीत असलं म्हणून टोचायचं थांबत नाही. जाहिरातीत मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड करून दाखवला असेल तर 'फोटोत बदल केला आहे' अशी सूचना देणं फ्रान्सनं १ ऑक्टोबर २०१७ पासून सक्तीचं केलं. अशा सूचना लावून प्रयोगही बरेच झाले. बघणाऱ्या मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल त्यानं बरं वाटतं, असं काही त्यातून फारसं दिसलं नाही. डोक्याला कळतं, पण नजर आपलं काम करून मोकळी झालेली असते.

पण माझी खरी हरकत वेगळी आहे. भाचीला लागलेला फोटो मुळात खोटा नव्हताच. तिच्या चार मैत्रिणी रविवारी एकत्र जमल्या होत्या, हिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि रात्री तो फोटो हिच्यासमोर आला. ना फिल्टर, ना बनवाबनवी. अशा पोरीला "अगं, ते सगळं खोटं असतं" म्हणणं म्हणजे तुझं दुःख मला समजलं नाही, असं तिच्या तोंडावर सांगणं.

पहिल्या मुद्द्यातल्या 'विज्ञानानं सिद्ध' या शब्दांवर मात्र थांबावं लागेल. आत्मसन्मान आणि सोशल मीडिया यावर नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगते. पॅटी फाल्केनबर्ग आणि सहकाऱ्यांचा, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी ३८७ किशोरवयीन मुलांना तीन आठवडे, दिवसातून सहा वेळा, फोनवरच छोटे प्रश्न विचारले: गेल्या तासाभरात सोशल मीडिया किती वापरला, आणि आत्ता स्वतःबद्दल कसं वाटतंय? जवळपास ३५ हजार उत्तरं जमली. मग सगळ्या मुलांची एकच सरासरी काढून न थांबता त्यांनी प्रत्येक मुलाचा त्याच्यापुरता हिशेब मांडला. ८८ टक्के मुलांमध्ये परिणाम नव्हता किंवा नगण्य होता. ४ टक्के मुलांना वापरानंतर स्वतःबद्दल बरं वाटत होतं. ८ टक्के मुलांना वाईट.

हा अभ्यास त्या त्या वेळच्या भावनेचा आहे, वर्षानुवर्षांच्या परिणामाचा नाही, आणि तोही एकाच देशातला. तरी 'प्रत्येक मूल' हे शब्द त्यानं निकालात काढले. ८ टक्के म्हणजे फार नाहीत, असं कुणी म्हणेल. पन्नास मुलांच्या वर्गात ते चार जण होतात, आणि आपलं मूल त्या चौघांत आहे का, एवढंच पालकाला शोधायचं असतं. २०२१ सालीच इन्स्टाग्रामच्या कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले, त्यातही हेच अधोरेखित होतं: आधीच आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींनी इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं, असं सांगितलं होतं. पुढे मेसेजांतून फिरताना त्यातलं 'आधीच' तेवढं गळून पडलं.

दुसऱ्या मुद्द्यातले १५ दिवस कुठून आले, देव जाणे. रात्री फोन खोलीबाहेर ठेवा, झोप सुधारते; तेवढं घ्या आणि सोडा. पाचव्याचंही तसंच. एडी ब्रुमलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ८ ते १२ वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. ज्यांना आधीच स्वतःबद्दल फारसं बरं वाटत नाही, ती मुलं वारेमाप कौतुकानंतर अवघड काम टाळू लागली. एवढ्या उंचीवर बसवल्यावर खाली पडायची भीती वाटणारच.

मग बोलायचं काय? ताईनं फोनवर हेच विचारलं, जरा चिडूनच. मी तिला म्हटलं, आधी चुलतबहिणीबद्दल माफी माग. एका वाक्यात, 'पण' न लावता. दोन दिवस दुसरं काही करू नकोस. नंतर दोघी शेजारी शेजारी काही करत असाल, तोंड समोरासमोर नसेल, तेव्हा विषय काढ. 'मोबाइल' हा शब्दच नको. एका फोटोबद्दल विचार.

"या आठवड्यात असं काही दिसलं का, की बघून जीव खट्टू झाला?"

भाची बराच वेळ गप्प. मग, "त्या चौघी भेटल्या होत्या."

इथं ताईची जीभ वळवळली असणार. "मग तू दुसऱ्या मैत्रिणी कर ना" हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी तयारच असतं. तिनं ते गिळलं आणि विचारलं, "त्यात जास्त काय लागलं? त्या भेटल्या ते, की तुला सांगितलं नाही ते?"

"दुपारी माझ्याशी बोलत होत्या. तेव्हापण नाही सांगितलं."

हा प्रश्न मी मुद्दाम सुचवला होता. 'मला वाईट वाटतंय' या मोठ्या गाठोड्यातून एक नेमकी गोष्ट बाहेर काढायची. तुलना दिसण्याची आहे, गुणांची आहे, की वगळलं जाण्याची, यावर पुढचं सगळं ठरतं. इथं ती वगळलं जाण्याची होती, म्हणजे तिच्या दिसण्याचं कौतुक करून काडीचा उपयोग झाला नसता. ताईनं एवढंच म्हटलं, "लागेलच ते. मलाही लागलं असतं." आणि मग स्वतःचं सांगितलं. कॉलेजमधल्या एका मैत्रिणीच्या नव्या घराचे फोटो बघून आपण परवा अर्धा तास घरात उगाच आदळआपट करत होतो, हे. त्यावर भाची हसली. "मला वाटलंच होतं," म्हणाली.

शेवटचा प्रश्न पोरीवर सोडायचा: "याचं काय करावंसं वाटतं?" तिनं त्या चौघींपैकी एकीच्या पोस्ट आणि स्टोरी म्यूट केल्या. म्यूट केल्याचं समोरच्याला कळत नाही आणि मैत्री तुटत नाही, म्हणून अनफॉलो करायला घाबरणारी मुलं हे सहज करतात. फोटोवर किती लाइक आले तो आकडा लपवायची सोय इन्स्टाग्रामवर २०२१ पासून आहे. ताईनं तेही सुचवलं, भाचीनं नको म्हटलं. ठीक आहे. सगळं मिळून बोलणं दहा मिनिटांचं. त्याच रात्री पुन्हा विषय काढायचा नाही, हे मी ताईला तीनदा बजावलं होतं.

कुठं बोलून भागत नाही, तेही सांगितलं. टाकलेला फोटो लाइक कमी आले म्हणून पुन्हा पुन्हा काढून टाकणं, आवडीच्या ठिकाणी जायला नकार, जेवण टाळणं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालणं, म्हणजे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. 'मी नसले तरी चालेल' अशा अर्थाचं काही कानावर आलं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी.

भाची अजून अधूनमधून त्या मैत्रिणीचं नाव शोधून तिचं पान बघते, हे तिनंच आईला सांगितलं. ताईनं घाबरून मला फोन केला, आता काय करू म्हणून. मी विचारलं, "तुला कळलं कसं?"

"तीच म्हणाली."

"मग ठीक चाललंय. आणि तो मेसेज?"

"काढला गं ग्रुपवरून. पण मोठ्या जाऊबाईंनी आज परत टाकलाय."